ऑर्किडच्या मुळाचा फोटो कसा वाचायचा? आधी कोरडा, मग ओला

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

आजचा भाग ऑर्किडवाल्यांसाठी आहे. पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. कुंडीतून बाहेर लोंबणारी मुळं, आणि खाली एकच प्रश्न: "ही मुळं मेलीत का? कापू का?" कोणाची चंदेरी असतात, कोणाची हिरवी, कोणाची तपकिरी. आणि ग्रुपवर लगेच दहा जण दहा सल्ले देतात. कोणी म्हणतं पाणी वाढव, कोणी म्हणतं बंद कर.

गंमत अशी की एकाच झाडाचे, एकाच मुळाचे, पाच मिनिटांच्या अंतराने काढलेले दोन फोटो पाठवले तर अर्धे लोक एकाला आजारी म्हणतील आणि दुसऱ्याला ठणठणीत. त्यामुळे आज एवढंच करायचं: मुळाच्या फोटोत नक्की काय दिसतं, त्यावरून झाड कुठल्या जातीचं ते कसं ओळखायचं, आणि मुळं जिवंत आहेत का ते कसं ठरवायचं.

मुळावरची दुधी काच

आपल्या घरातले बहुतेक ऑर्किड मूळचे झाडांवर राहणारे. माती नाही, फांदीची साल धरून बसायचं आणि पाऊस येईल तेव्हा मिळेल तेवढं पाणी पटकन पकडायचं. ताम्हिणी, मुळशी भागात पावसाळ्यात फिरला असाल तर आंब्याच्या, ऐनाच्या खोडांवर हे बघितलं असेल. मे महिन्यात पांढरट दोऱ्यांसारखी चिकटलेली मुळं पहिल्या सरीत हिरवी होतात.

हे होतं एका आवरणामुळे. त्याला व्हेलामेन म्हणतात. मुळाच्या आतल्या गाभ्याभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचे थर असतात, स्पंजासारखे. मेलेल्या म्हणजे सडलेल्या नव्हे. त्यांचं कामच पूर्ण वाढून रिकामं होणं आहे. कोरड्या असताना त्यांच्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी-पांढरं दिसतं. पाणी लागलं की हवा जाते, पाणी भरतं आणि आवरण पारदर्शक होतं. मग आतलं खरं मूळ दिसतं. त्यात हरितद्रव्य असेल तर ते हिरवं दिसतं.

बाथरूमच्या खिडकीची दुधी काच आठवा. तिच्यावर पाणी मारलं की पलीकडचं थोडं स्पष्ट दिसायला लागतं, तसंच हे. म्हणजे कोरड्या मुळाचा चंदेरी रंग तुम्हाला फक्त एवढंच सांगतो की मूळ आत्ता कोरडं आहे. तब्येतीबद्दल तो काहीच सांगत नाही. तब्येत बघायची तर काच ओली करावी लागते.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: एका मुळाचे दोन फोटो, आधी कोरडा, मग ओला.

फोटो कसा काढायचा

पाणी घालायच्या आधी, सकाळी, खिडकीजवळच्या उजेडात पहिला फोटो काढा. थेट ऊन नको, फ्लॅश नको, फिल्टर तर अजिबात नको. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत चांगलं मूळसुद्धा पिवळट, कुजल्यासारखं दिसतं. जांभळ्या ग्रो-लाइटखालचे फोटो तर कोणालाच वाचता येत नाहीत. मुळांच्या मागे एक पांढरा कागद धरा. रंग खरा आलाय की नाही, ते कागदावरून कळतं. कागद फोटोत पिवळा दिसत असेल तर मुळाच्या पिवळेपणावरही विश्वास ठेवायचा नाही.

शेजारी एक काडेपेटीची काडी आणि एक पेन्सिल ठेवा. काडी साधारण २ मिलिमीटर जाड असते, पेन्सिल साधारण ७. मुळाची जाडी यांच्याशी ताडून बघता येते, आणि जात ओळखताना ते फार कामाला येतं.

मग साध्या पाण्याचा स्प्रे मारून मुळं नीट भिजवा, एक-दोन मिनिटं थांबा आणि तिथूनच, त्याच कोनातून दुसरा फोटो घ्या. तिसरा फोटो कुंडीचा. बाहेरची चिनी मातीची शोभेची कुंडी असेल तर आतली प्लास्टिकची कुंडी बाहेर काढूनच घ्या. खरी गोष्ट तिथेच लपलेली असते.

जात कोणती? आधी मुळं कुठून निघतात ते बघा

फुलं नसताना ऑर्किड ओळखायचा असेल तर पहिला प्रश्न असा: मुळं एकाच खोडातून, पानांच्या मधून निघतायत, की अनेक खोडांच्या बुडातून?

एकच खोड, वरच्या बाजूला नवं पान येतं, आणि मुळं पानांच्या बेचक्यातून बाहेर पडतात, असं असेल तर आपल्या घरात बहुतेक वेळा दोनच शक्यता. पानं रुंद, जाड, जिभेसारखी, खोड जवळजवळ दिसतच नाही आणि मुळं काडीपेक्षा बरीच जाड, ४ ते ८ मिलिमीटर, तर तो फॅलेनॉप्सिस. गिफ्ट म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा हाच. त्याची मुळं कुंडीच्या भिंतीला किंवा टेबलाला चिकटली की त्या बाजूने चपटी होतात. हा दोष नव्हे, सवय आहे.

पानं लांब, पट्ट्यासारखी, दोन्ही बाजूंना ओळीत लागलेली, आणि मुळं पेन्सिलीएवढी किंवा तिच्याहून जाड, दोरखंडासारखी, हात-हातभर खाली लोंबणारी, तर व्हँडा. तो बहुतेकदा मीडियाशिवाय नुसत्या टोपलीत लटकवलेला मिळतो. सह्याद्रीत झाडांवर दिसणारी सीतेची वेणी याच मोठ्या गटातली आहे, त्यामुळे तिचीही मुळं अशीच जाडजूड असतात.

आता दुसरा गट: एकापेक्षा जास्त खोडं, शेजारी शेजारी. उसासारखी पेरं असलेल्या उभ्या कांड्या असतील आणि बुडातून पांढरी, काडीएवढी किंवा थोडी जाड मुळं असतील, तर डेंड्रोबियम. कधी कधी कांडीच्या वरच्या पेरावरच छोटं रोप आणि त्याला मुळं येतात. बरेच जण ते बघून घाबरतात. ते पिल्लू आहे, इंग्रजीत त्याला कीकी म्हणतात. त्याची मुळं बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की ते वेगळं लावता येतं.

कांड्यांऐवजी चपटे, अंड्यासारखे हिरवे बल्ब असतील आणि मुळं काडीपेक्षाही बारीक, पुष्कळ, गुंत्यासारखी असतील, तर बहुतेक ऑन्सिडियम. आणि फुगीर कांडीच्या टोकाला एक किंवा दोन जाड, कडक पानं, मुळं त्या मानाने जाड आणि कुंडीच्या काठावरून बाहेर पसरलेली, तर कॅटलिया.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. मुळांवरून वंश ओळखता येतो, नेमकी जात नाही. दुकानात मिळणारे बहुतेक सगळे संकरित असतात. "पांढरा की जांभळा?" हे मुळाच्या फोटोवरून विचारू नका. मुळाच्या टोकाला लालसर-जांभळी छटा असेल तर झाडात रंगद्रव्य जास्त आहे, एवढाच अंदाज करता येतो. ती छटा म्हणजे रोग नव्हे, हे मात्र नक्की.

ओल्या फोटोत काय बघायचं

ओलं मूळ हिरवं झालं तर ते जिवंत. इथपर्यंत सोपं आहे. पण चार ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, कुंडीच्या आतली मुळं. त्यांना उजेड मिळत नाही, म्हणून हरितद्रव्य तयार होत नाही. पारदर्शक कुंडीच्या भिंतीला लागलेली मुळं हिरवी असतील, पण आतली मुळं ओली असतानाही फिकट पिवळी, साईच्या रंगाची दिसू शकतात. मूळ गोल आणि भरलेलं असेल तर ते ठीक आहे. नारळाच्या सोडणाचा किंवा सालीचा रंग लागून तपकिरी डाग पडलेलं मूळसुद्धा आतून चांगलं असू शकतं.

दुसरं, ओल्या मुळावर राहणाऱ्या पांढऱ्या रेघा. व्हँडाचं मूळ भिजवलं की सगळं हिरवं होतं, पण मध्ये मध्ये पांढरे ठिपके, छोट्या रेघा तशाच राहतात. "बुरशी लागली!" म्हणून फोटो येतात. ती बुरशी नाही. त्या जागा मुद्दाम पाणी धरत नाहीत, कारण मूळ भिजलेलं असताना तिथून हवा आत-बाहेर होते. मूळ श्वास घेतंय, एवढंच.

तिसरं, खोटा हिरवा. जुन्या मुळावर शेवाळ वाढलं की ते कोरडं असतानाही हिरवं दिसतं. हा हिरवा मळकट असतो, वर बसलेला असतो, बोटाने पुसला जातो. म्हणून तर कोरडा फोटो आधी हवा. कोरड्या फोटोतही हिरवं आणि ओल्या फोटोतही तेवढंच हिरवं, तर ते शेवाळ असण्याची शक्यता बघा. फक्त टोक मात्र कायम हिरवं असतं, कारण नव्या वाढीवर अजून व्हेलामेन तयार झालेलं नसतं. तो चकचकीत हिरवा शेंडा म्हणजे झाडाच्या वाढीचं मीटर. शेंडा अर्धा-एक सेंटिमीटर असेल तर मूळ आत्ता वाढतंय. शेंडा पांढऱ्या आवरणाने बंद झाला असेल तर मूळ थांबलंय, मेलेलं नाही.

चौथं, मेलेलं मूळ. तेही पाणी शोषतं! आवरण आधीपासूनच मेलेल्या पेशींचं असल्यामुळे स्पंज काम करतच राहतो. फक्त काच पारदर्शक झाल्यावर आत हिरवं काही नसतं, तपकिरी किंवा राखाडी दिसतं. सडलेलं असेल तर मूळ पिचकं, चपटं दिसतं आणि कुठे कुठे आवरण निघून आत फक्त एक बारीक दोरा उरलेला असतो. वाळून मेलेलं असेल तर ते कागदी आणि गवती रंगाचं दिसतं.

फोटोत कळत नाही ती गोष्ट म्हणजे कडकपणा. शंका असेल तर दोन बोटांनी हलकेच दाबतानाचा पाच सेकंदांचा व्हिडिओ काढा. चांगलं मूळ दबत नाही. सडलेलं दबतं आणि पाणी सुटतं.

मीडिया काय सांगतो

मीडिया म्हणजे कुंडीतलं भरण. दुकानातला फॅलेनॉप्सिस बहुतेकदा स्फॅग्नम मॉसमध्ये किंवा नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत येतो, आणि डेंड्रोबियम कोळसा, विटांचे तुकडे, सोडण यांच्यात.

पारदर्शक कुंडीच्या आतल्या भिंतीवर पाण्याचे थेंब दिसत असतील आणि भिंतीची मुळं हिरवी असतील, तर आत अजून पाणी आहे. पाणी घालू नका. थेंब गेलेत आणि मुळं चंदेरी झालीत, तर घाला. पुण्यात याचा फार उपयोग होतो, कारण आपल्याकडे वर्षभर एकच वेळापत्रक चालत नाही. मे महिन्यात लटकवलेल्या व्हँडाची मुळं सकाळी भिजवली तरी दुपारपर्यंत पुन्हा चंदेरी होतात. त्याला रोज बादलीत १५-२० मिनिटं बुडवावं लागतं. तेच जुलैमध्ये मॉसची कुंडी आठवडा-दहा दिवस ओली राहू शकते. कॅलेंडर बघू नका, मुळाचा रंग बघा.

कोळशावर, विटांवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी, कडक पापडी दिसत असेल तर ते क्षार आहेत. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांच्या फोटोत हे बरेचदा दिसतं. अशा वेळी मुळांचे शेंडे काळे पडलेत का ते बघा. पडले असतील तर क्षार मुळांना जाळतायत. पावसाचं पाणी भरून ठेवा आणि कुंडीतून भरपूर वाहू द्या. पापडीऐवजी कापसासारखे पांढरे धागे असतील तर ती बुरशी आहे, आणि ती बहुतेक वेळा मूळ नाही, मीडिया खात असते. म्हणजे मीडिया कुजायला लागलाय, बदलायची वेळ आली. सालीचे तुकडे फुटून चहाच्या चोथ्यासारखे झाले असतील तरी तेच.

एक केस, फोटोंसकट

आता हे सगळं एकत्र वापरू. कोथरूडच्या एका श्रोत्या ताईंनी जुलैमध्ये तीन फोटो पाठवले. जानेवारीत मिळालेला फॅलेनॉप्सिस, फुलं गळून गेलेली. त्यांचा प्रश्न: "खालची दोन पानं सुरकुतलीत. मी रोज अर्धा कप पाणी घालते. कमी पडतंय का?"

पहिला फोटो कोरडा. चार पानं, खालची दोन मऊ, सुरकुतलेली. कुंडीबाहेर पाच मुळं, पाचही चंदेरी. एवढ्यावर कोणीही म्हणेल, तहानलेलं झाड आहे, पाणी वाढवा.

दुसरा फोटो स्प्रे मारल्यावरचा. पाचपैकी चार मुळं हिरवीगार झाली, दोघांना सेंटिमीटरभर चकचकीत शेंडाही होता. पाचवं तपकिरी राहिलं. म्हणजे बाहेरची मुळं उत्तम आहेत.

तिसरा फोटो कुंडीचा. शोभेच्या कुंडीच्या तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं. आतल्या पारदर्शक कुंडीत मॉस काळपट, भिंतीवर थेंब. भिंतीला लागलेली सात मुळं मोजता आली: दोन हिरवी, एक साईच्या रंगाचं आणि गोल, चार तपकिरी व पिचकी, त्यातल्या दोघांचा नुसता दोरा उरलेला.

आता हिशोब लावा. झाड तहानलेलं आहे हे खरं, पण पाणी कमी म्हणून नाही. पाणी जास्त झालं, मॉसमधली हवा संपली, मुळं गुदमरून सडली, आणि आता पाणी पिणारी मुळंच कमी राहिली. सुरकुतलेलं पान दोन्ही वेळा सारखंच दिसतं. फरक फक्त मुळांत कळतो. पाणी वाढवलं असतं तर उरलेली तीनही गेली असती.

त्यांना सांगितलं ते असं. कुंडी अर्धा तास पाण्यात भिजवा म्हणजे मुळं न तुटता सुटतील. मॉस हळूहळू काढा. अगदी मधोमध, रोप लहान असतानाचा मॉसचा घट्ट गोळा बरेचदा तसाच राहिलेला असतो, तोही काढा. (तो होताच, आणि त्याच्या आत अजून काही सडलेली मुळं होती. बाहेरून काढलेल्या फोटोत कुंडीचा मध्य कधीच दिसत नाही, हे ध्यानात ठेवा.) ब्लेड ज्योतीवर तापवून, थंड करून, फक्त मऊ आणि पोकळ मुळं कापा. दोरा उरलेलं मूळ झाडाला आधार देत असेल तर राहू द्या. दालचिनीची पूड मुळांवर टाकू नका, ती जिवंत मुळालाही सुकवते. झाड रात्रभर सावलीत उघडं ठेवा. मग चार इंची पारदर्शक कुंडीत दीड-दोन सेंटिमीटरचे सालीचे तुकडे आणि थोडा कोळसा भरून लावा. मोठी कुंडी नको, कारण जितकी जास्त जागा तितका जास्त वेळ ओल. बाहेरची मुळं बाहेरच ठेवा, कोंबून आत घालू नका. हवेत वाढलेली मुळं अचानक ओल्या मीडियात पुरली तर पटकन सडतात. पहिलं पाणी दोन-तीन दिवसांनी, आणि त्यानंतर भिंतीची मुळं चंदेरी झाल्यावरच. शोभेच्या कुंडीत पुन्हा पाणी साचू द्यायचं नाही.

दर रविवारी त्याच जागेवरून एक फोटो काढायचा असं ठरलं. सहा आठवड्यांनी आलेल्या फोटोत त्या दोन शेंड्यांपुढे नवी वाढ स्पष्ट दिसत होती आणि मधोमध नवं पान डोकावत होतं. खालची दोन पानं पूर्वीसारखी ताठ झाली नाहीत, आणि ती बहुधा होणारही नाहीत. झाड सावरलं का, हे जुन्या पानावर शोधायचं नाही. नव्या मुळावर शोधायचं.

डेंड्रोबियमवाल्यांसाठी एक सूचना: त्याची कुंडी बदलायची घाई करू नका. नव्या कोंबाच्या बुडाला एक-दोन सेंटिमीटरची नवी मुळं दिसेपर्यंत थांबा. जुनी मुळं नव्या मीडियात फारशी रुजत नाहीत, नवीच रुजतात.

विकत घ्यायच्या आधीचा फोटो

शेवटचा मुद्दा. रस्त्याकडेला किंवा ऑनलाइन "जंगली ऑर्किड" स्वस्तात दिसतो, तेव्हा मुळांचा फोटो मागा. नर्सरीत वाढलेल्या झाडाची मुळं कुंडीच्या आकारात वळलेली असतात. झाडावरून ओरबाडलेल्याची एका बाजूने चपटी असतात, टोकं तुटलेली असतात, आणि त्यांना सालीचे तुकडे, शेवाळ, दगडफूल चिकटलेलं असतं. राखीव जंगलातून असं काही परवानगीशिवाय काढणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. आणि झाडाच्या बाजूने बघाल तर, ज्याची सगळी टोकं तुटलीत ते घरी येऊन जगण्याची शक्यताही कमीच.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर कात्री बाजूला ठेवा आणि आधी स्प्रेची बाटली घ्या. कोरडा आणि ओला, दोन्ही फोटो पाठवाल तर पुढच्या प्रश्नोत्तरांच्या भागात त्यातले काही घेऊ. भेटूया!